इंग्रजी मुलाखतीत गाडी अडते ती क्रियापदापाशी

प्रश्न: माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं, नंतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. मित्रांना डेटाबेस वगैरे मराठीत व्यवस्थित समजावून सांगतो. पण इंग्रजी मुलाखतीत 'इंडेक्स म्हणजे काय' एवढं विचारलं तरी अर्ध्या वाक्यात अडकतो. शब्द येतात, वाक्य होत नाही. तयारी कशी करावी?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नेमकं आहे, म्हणून लिहायला बसलो. मीही याच प्रश्नावर, म्हणजे इंडेक्सवरच, एका मुलाखतीत आपटलो होतो. आता अधूनमधून मुलाखती घेतो आणि मराठी मुलंमुली त्याच जागी थांबताना दिसतात.

आपण मित्राला काय सांगतो ते आठवा: 'क्वेरी आली की डेटाबेस आधी इंडेक्स चेक करतो, तिथून रो चा ॲड्रेस मिळतो, मग तो रो उचलतो.' यात क्वेरी, डेटाबेस, इंडेक्स, रो, ॲड्रेस ही सगळी नामं इंग्रजी आहेत. मराठी काय आहे? आली, करतो, मिळतो, उचलतो. म्हणजे तांत्रिक शब्दसंग्रह तुमच्याकडे आधीपासून आहे. चार वर्षं क्रियापदांचं काम मात्र मराठीनं केलं. मुलाखतीत तो आधार काढून घेतला की नामं सुटी पडतात. त्यामुळे 'टेक्निकल व्होकॅब्युलरी'च्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

दुसरी अडचण क्रियापदाच्या जागेची. मराठीत ते शेवटी येतं आणि त्याच्याआधी आपण हवं तेवढं सामान रचू शकतो. इंडेक्सची माझी त्या वेळची मनातली व्याख्या अशी होती: 'ज्या कॉलमवर आपण वारंवार शोधतो त्या कॉलममधल्या व्हॅल्यूज क्रमानं लावून प्रत्येकीसोबत मूळ रो चा पत्ता ठेवलेली वेगळी रचना म्हणजे इंडेक्स.' मराठी म्हणून वाक्य बरं आहे. मी तेच इंग्रजीत ढकलायला गेलो: 'द कॉलम ऑन विच वी आर सर्चिंग, दॅट कॉलम्स व्हॅल्यूज, इन सॉर्टेड ऑर्डर, विथ ॲड्रेस...' आणि थांबलो. पुढे जायला रस्ताच नव्हता, कारण इंग्रजीला कर्त्यामागोमाग हवं असलेलं क्रियापद मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय विचित्र वाटेल: इंग्रजीकडे जाण्याआधी मराठी वाक्य तोडा. 'इंडेक्स ही एक वेगळी रचना आहे. ती एका कॉलमच्या व्हॅल्यूज क्रमानं ठेवते. प्रत्येक व्हॅल्यूशेजारी ती रो चा पत्ता ठेवते. त्यामुळे डेटाबेसला सगळं टेबल वाचावं लागत नाही.' चार वाक्यं झाली आणि प्रत्येकात कर्ता पहिल्या तीन शब्दांत आला. आता इंग्रजी जवळजवळ आपोआप येतं: 'ॲन इंडेक्स इज अ सेपरेट स्ट्रक्चर. इट कीप्स द व्हॅल्यूज ऑफ वन कॉलम इन सॉर्टेड ऑर्डर. नेक्स्ट टु ईच व्हॅल्यू, इट स्टोअर्स द ॲड्रेस ऑफ द रो. सो द डेटाबेस डझन्ट हॅव टु रीड द होल टेबल.' वाक्यं बाळबोध वाटतील. वाटू द्या. समोरचा तुमच्या वाक्याची लांबी मोजत नसतो, त्याला पत्ता आणि क्रम हे दोन मुद्दे ऐकायचे असतात.

यातली क्रियापदं पाहा: कीप्स, स्टोअर्स, रीड. आपल्या 'सर्च करणे', 'अपडेट करणे'च्या सवयीमुळे इंग्रजीतही 'इट विल डू द सर्चिंग' असं तोंडात येतं. म्हणून प्रत्येक विषयाची सात-आठ क्रियापदं वेगळी काढून ठेवा. इंडेक्ससाठी माझी यादी: स्कॅन, लुक अप, पॉइंट टु, फेच, स्किप, स्प्लिट, स्लो डाउन. ती एवढीच पुरते. बी-ट्रीचं एक पान भरलं की त्याची दोन होतात, हे सांगायला 'द पेज स्प्लिट्स' हे तीन शब्द असले की सुटलात. ते नसले तर तीस सेकंद हातवारे करावे लागतात.

काळाचंही इथेच पाहून घ्या. आपलं 'ठेवत असतो' इंग्रजीत 'इज कीपिंग' होऊन उतरतं. एखादी गोष्ट नेहमी कशी चालते हे सांगताना साधा वर्तमानकाळ वापरा: कीप्स, पॉइंट्स, स्प्लिट्स. 'इज डूइंग' फक्त या क्षणी चालू असलेल्या गोष्टीसाठी. एका थ्रेडनं लॉक धरलेलं असताना दुसरा वाट बघतोय, अशा ठिकाणी हा फरक अर्थच बदलतो. आणि 'म्हणजे'चं भाषांतर 'मीन्स' करणं सोडा. 'इंडेक्स मीन्स...' अशी सुरुवात झाली की पुढे व्याख्येचं ते लांबलचक मराठी वाक्य येणार हे ठरलेलं.

आता सराव. एक विषय घ्या, फोनवर दीड मिनिट बोला, रेकॉर्ड करा. मग ते ऐकून जसं बोललात तसं कागदावर उतरवा, थांबलात तिथे रेघ मारून. कंटाळवाणं काम आहे, पण खरा उपयोग याचाच, कारण रेघ कुठे पडली यावरून दुखणं कळतं. नामाच्या आधी थांबला असाल तर एखादा शब्द कमी आहे, तो शोधा. क्रियापदाच्या आधी थांबलात तर वाक्य लांब आहे, तोडा. पण वाक्य नीट पूर्ण झालं, 'सो' किंवा 'बिकॉज' म्हणालात आणि मग थांबलात, तर तिथे दोष बहुतेक इंग्रजीचा नसतो. पुढचं कारण तुम्हाला मराठीतही माहीत नसतं. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अशा तीन रेघा होत्या. मित्रांना मराठीत सांगताना 'मग ते फास्ट होतं ना' म्हणून मी ती जागा दर वेळी ओलांडून जात होतो. 'ना' फार गोष्टी झाकतो.

त्या जागेवर मी आकडा घालून पाहिला. टेबलात 10 लाख रो आहेत. इंडेक्स नसेल तर सगळे तपासावे लागू शकतात. इंडेक्सच्या एका पानात 100 व्हॅल्यूज मावतात असं धरलं, तर 100 × 100 × 100 = 10 लाख; म्हणजे तीन पानं वाचून हव्या त्या व्हॅल्यूपर्यंत पोचता येतं. प्रत्यक्षात पानात याहून जास्तही मावतात, पण तोंडी सांगायला 100 सोपा. मग इंग्रजी: 'वी रीड थ्री पेजेस इन्स्टेड ऑफ अ मिलियन रोज.' इथे एक खड्डा आहे. 10 लाख म्हणजे वन मिलियन आणि 1 कोटी म्हणजे टेन मिलियन, हे रूपांतर बोलता बोलता करायला गेलात की शून्य चुकतं. उदाहरणातले आकडे आधीच मिलियनमध्ये ठरवून ठेवा.

एक विषय, लागोपाठ तीन रेकॉर्डिंग. तिसरं पहिल्यापेक्षा लहान झालं पाहिजे. वाढलं असेल तर तुम्ही पुन्हा सामान रचताय. पाठांतर मात्र फक्त पहिल्या वाक्याचं करा. पूर्ण उत्तर पाठ केलेला उमेदवार मध्ये प्रश्न आला की पहिल्यापासून सुरू करतो, आणि ते आम्हाला लगेच कळतं.

प्रश्न मध्ये येतोच. इंडेक्सवर ठरलेला प्रश्न: मग सगळ्याच कॉलमना इंडेक्स का लावत नाही? याचंही मराठी आधी तोडून ठेवा. नवा रो आला की प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद करावी लागते, त्यामुळे राइट्स मंदावतात. इंडेक्सला जागा लागते. आणि कॉलममध्ये दोनच व्हॅल्यूज असतील, निम्मे रो एका व्हॅल्यूचे असतील, तर इंडेक्स फारसं काही गाळू शकत नाही. तीन वाक्यं, तीन क्रियापदं: स्लोज डाउन, टेक्स अप, डझन्ट फिल्टर. कधी पडद्यावर क्वेरी दाखवून विचारतात:

```sql
SELECT * FROM customers WHERE surname LIKE '%kar';
```

'surname'वर साधा बी-ट्री इंडेक्स आहे, तो इथे उपयोगी पडेल का? उमेदवार 'सिलेक्ट स्टार फ्रॉम' असं वाचत सुटतात. चिन्हं वाचू नका, अर्थ सांगा: 'दिस फाइंड्स एव्हरी कस्टमर हूज सरनेम एंड्स इन कर.' हे एकदा बोललात की उत्तर त्यातच आहे. क्रम पहिल्या अक्षरापासून लावलेला आहे आणि आपण शोधतोय शेवटावरून. शब्दकोशात 'कर'नं संपणारे शब्द शोधायचे तर सगळा कोश चाळावा लागेल, तसंच. 'द इंडेक्स इज सॉर्टेड फ्रॉम द फर्स्ट लेटर. वी ओन्ली नो द लास्ट थ्री. सो इट कान्ट जंप टु द राइट प्लेस.'

नकारार्थी प्रश्नाला सांभाळा. 'डझन्ट ॲन इंडेक्स स्लो डाउन राइट्स?' याला आपण मराठी सवयीनं कधी 'यस' तर कधी 'नो' म्हणतो आणि दोन्हीतून काय अर्थ निघाला हे समोरच्याला कळत नाही. हो-नाही गाळून थेट क्रियापद द्या: 'इट डझ स्लो देम डाउन.'

वाक्य मोडलंच तर त्याला ठिगळ लावू नका. 'लेट मी पुट इट डिफरंटली' म्हणा आणि नवं छोटं वाक्य कर्त्यापासून सुरू करा. प्रश्न कळला नाही तर 'पार्डन?'पेक्षा 'डू यू मीन रीड्स ऑर राइट्स?' असं विचारणं बरं. निदान अर्धा प्रश्न कळलाय हे दिसतं.

उच्चारांच्या फार मागे लागू नका. मराठी वळणाचा उच्चार अडचण करत नाही, भलताच शब्द ऐकू आला तर करतो. 'cache' कॅश आहे, कॅशे नाही. 'determine' डिटर्मिन, शेवटी 'माइन' नाही. 'parameter'मध्ये जोर 'रॅ'वर. तुमच्या विषयातले असे आठ-दहा शब्द शब्दकोशाच्या ॲपवर ऐकून घ्या, काम संपलं.

शेवटच्या आठवड्यात एक मित्र समोर बसवा. त्याला डेटाबेस येत नसेल तर उत्तमच. त्याचं काम एकच, दर वीस सेकंदांनी मध्येच तोडून 'व्हाय?' विचारायचं. आणि त्या अर्ध्या तासात मराठीत बोलायला त्यालाही बंदी, नाहीतर दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही दोघं 'अरे, म्हणजे कसं...'वर याल.