लॅपटॉपवर चालणारा व्हिडिओ जुन्या टीव्हीवर का चालत नाही?

प्रश्न: पंचवटीतल्या घरी २०११ सालचा एलईडी टीव्ही आहे. वडिलांच्या साठीशांतीचा मोबाइलवर काढलेला १२ मिनिटांचा व्हिडिओ लॅपटॉपवर छान चालतो, पण पेनड्राइव्हने टीव्हीला लावला की नुसता आवाज येतो, चित्र येत नाही. फाइल एमपी४ आहे, ४.८ जीबीची, आणि टीव्हीच्या पुस्तिकेत एमपी४ चालते असे लिहिले आहे. काय करावे?

उत्तर: मी नाशिकमध्येच लग्न-मुंजीच्या चित्रीकरणाचे संकलन करतो आणि अशा फाइली घेऊन लोक माझ्याकडे नेहमी येतात. आवाज येतो म्हणजे पेनड्राइव्ह वाचला जात आहे आणि फाइलही उघडत आहे. अडचण चित्राच्या कोडेकची, म्हणजे चित्र दाबून भरण्याच्या पद्धतीची आहे.

एमपी४ हे केवळ वेष्टन आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे ते या नावावरून कळत नाही, त्यामुळे फाइलचे नाव किंवा शेवटची अक्षरे बदलून काहीही साध्य होत नाही. पुस्तिका लिहिली गेली तेव्हा एमपी४ मध्ये बहुधा एच.२६४ पद्धतीचे चित्र असे. हल्लीचे बरेच मोबाइल मात्र जागा वाचवण्यासाठी एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, वापरतात आणि ते मानक प्रसिद्धच झाले २०१३ मध्ये. टीव्हीत चित्र उलगडण्याचे काम एका ठरावीक चिपमध्ये कायमचे बसवलेले असते, म्हणून २०११ च्या टीव्हीला ते शिकवता येत नाही. लॅपटॉपवर हेच काम सॉफ्टवेअर करू शकते आणि सॉफ्टवेअर नवे घालता येते. फरक पडतो तो इथेच.

खात्री करण्यासाठी व्हिडिओ व्हीएलसीमध्ये उघडून `Tools` मधील `Codec Information` पाहा. तिथे `HEVC` किंवा `hevc` दिसले तर कारण सापडले. त्याच चौकटीत रिझोल्यूशनही दिसते. १२ मिनिटांना ४.८ जीबी म्हणजे मिनिटाला सुमारे ४०० एमबी होतात, त्यावरून तुमचे चित्रीकरण ४के आणि सेकंदाला ६० फ्रेमचे असावे, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर नुसता कोडेक बदलून भागणार नाही. चित्राचा आकार आणि फ्रेमही कमी कराव्या लागतील, कारण त्या काळच्या टीव्हीची धाव साधारण १०८०पी पर्यंतच असते.

रूपांतरासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फाइल उघडून `Fast 1080p30` हा प्रीसेट निवडा आणि मग `Video` टॅबमध्ये दोन गोष्टी स्वतः तपासा. पहिली म्हणजे एन्कोडर साधा `H.264 (x264)` असावा. त्याच यादीत `10-bit` लिहिलेला पर्यायही असतो. दर्जा चांगला मिळेल म्हणून पुष्कळ जण तो घेतात आणि पुन्हा काळ्या पडद्यापाशी येऊन थांबतात, कारण जुन्या चिपला एच.२६४ समजते ते ८ बिटचेच. दुसरी गोष्ट म्हणजे `Constant Framerate` निवडणे. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग थोडा कमी-जास्त करतो, लॅपटॉप ते सांभाळून घेतो, पण जुन्या टीव्हीवर अशा फाइलीत भटजींचे ओठ आणि मंत्र यांचा मेळ हळूहळू सुटत जातो.

पूर्ण फाइल लगेच रूपांतराला लावू नका. `Range` मध्ये `Seconds` निवडून ० ते ६० एवढाच तुकडा करा, तो टीव्हीवर चालवा आणि चित्र, आवाज व रंग पाहा. रंग फिकट, धुरकट वाटले तर मूळ चित्रीकरण एचडीआर असण्याची शक्यता आहे; पुढच्या वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यात ते बंद ठेवावे. तुकडा नीट चालला की मगच पूर्ण फाइल लावा. जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओच्या लांबीपेक्षा बराच जास्त वेळ लागू शकतो. तयार फाइल मूळच्या मानाने बरीच लहान होईल. ती ४ जीबीच्या आत राहिली तर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरही मावेल, आणि जुने टीव्ही तोच प्रकार सर्वात खात्रीने वाचतात.

कधी याच्या उलट होते, म्हणजे चित्र दिसते पण आवाज येत नाही. तेव्हा चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलावा. एफएफएमपेग हे आज्ञा टाइप करून चालवायचे सॉफ्टवेअर बसवलेले असेल तर पुढील आज्ञेने हे काम फार लवकर होते आणि चित्राचा दर्जा तसाच राहतो:

```
ffmpeg -i mul.mp4 -c:v copy -c:a aac -ac 2 tv.mp4
```

मूळ ४.८ जीबीची फाइल मात्र पुसू नका. ती वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. रूपांतरात गेलेले बारकावे टीव्हीसाठी केलेल्या प्रतीतून परत मिळत नाहीत, आणि उद्या घरात ४के टीव्ही आला तर त्यावर ही मूळ फाइलच लावावी लागेल.