नव्या व्हीएमसीवर ऑफिसचा खर्च टाकायचा की नाही?

प्रश्न: भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. ६० लाखांचं व्हीएमसी घ्यायचं आहे. वर्षाला ८० लाखांचं काम मिळेल, मटेरियल, ऑपरेटर, टूलिंग आणि युनिटमागची वीज मिळून ५२ लाख. अकाउंटंट त्यावर विक्रीच्या २०% ओव्हरहेड लावतात, मग ५ वर्षं आणि करपूर्व १४% दराने एनपीव्ही उणे येतो. पार्टनर म्हणतो ओव्हरहेड धरूच नका. मशीन मागच्या कोपऱ्यात बसेल. तिथे सध्या एक पॅकिंगवाला महिना १५ हजार भाडं देतो. कोणाचं ऐकू?

उत्तर:

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. तुमचेच आकडे घेऊ.

अकाउंटंटच्या हिशोबात वर्षाला १६ लाख ओव्हरहेड जातं आणि १२ लाख उरतात. १४% दराने पाच वर्षांचा गुणक ३.४३३, म्हणजे आजचं मूल्य ४१.२ लाख, आणि त्यातून मशीनचे ६० लाख वजा केले की एनपीव्ही उणे १८.८ लाख. पण त्या १६ लाखांत काय काय आहे ते उघडून पाहा. तुमचा दोघांचा पगार, अकाउंट्सचा माणूस, सीएची फी, शेडचा मालमत्ता कर. मशीन घेतलं नाही तर यातला एक रुपया तरी वाचणार आहे का? नाही. तो खर्च तेवढाच राहतो, फक्त जुन्या मशीनवरचा थोडा हिस्सा नव्याच्या नावावर लिहिला जातो. कंपनीच्या बँक खात्याला या वाटणीचा पत्ताही लागत नाही. वाटणी चुकीची नाही. लेखा मानक २ प्रमाणे स्टॉकची किंमत काढताना कारखान्याचं स्थिर ओव्हरहेड मालावर वाटावंच लागतं. मशीन घ्यायचं की नाही हे ठरवताना मात्र तो आकडा उपयोगाचा नाही.

पार्टनरच्या हिशोबाने वर्षाला २८ लाख उरतात आणि एनपीव्ही अधिक ३६ लाख येतो. इथे उलटी चूक आहे, आणि माझ्या मते जास्त धोक्याची, कारण ती सुखावणारी आहे. मशीन आल्यामुळेच अंगावर येणारे खर्च 'ओव्हरहेड' या नावाखाली बसतात म्हणून तेही उडाले.

ते शोधायला कंपनीचं पूर्ण वर्ष दोनदा लिहा: एकदा मशीनसह, एकदा मशीनशिवाय. जिथे फरक पडतो तेवढंच प्रोजेक्टचं.

महावितरणच्या बिलात युनिटचा आकार वेगळा आणि डिमांड चार्ज वेगळा. नव्या मशीन-कॉम्प्रेसरसाठी कॉन्ट्रॅक्ट डिमांड ३० केव्हीएने वाढवावी लागली आणि केव्हीएमागे महिन्याला ५०० रुपये धरले, तर वर्षाला १.८ लाख. नेमका दर स्वतःच्या बिलावरून घ्या. डिमांड न वाढवता मशीन चालवलंत तर मर्यादा ओलांडल्याचा दंड बसतो, तेव्हा तिथे बचत शोधू नका. विमा आणि एएमसी धरू १.८ लाख. पॅकिंगवाल्याचं बुडणारं भाडं १.८ लाख, शेड तुमचीच असली तरी कोपरा फुकट नाही.

राहिला क्वालिटी इन्स्पेक्टर. आमच्याकडे नवं मशीन आलं तेव्हा अडचण मशीनवर नाही, तपासणीच्या टेबलावर दिसली. पीस तयार होऊन ट्रेमध्ये पडून राहायचे, गाडी थांबायची. तुमचा सध्याचा माणूस दोन्ही शिफ्टमध्ये आधीच भरलेला असेल तर दुसरा घ्यावाच लागेल, वर्षाला सुमारे ३.६ लाख. त्याच्या हाताशी वेळ असेल तर हा खर्च शून्य.

एकूण ९ लाख. उरतात १९ लाख, आजचं मूल्य ६५.२ लाख, एनपीव्ही अधिक ५.२ लाख. इन्स्पेक्टर लागणार नसेल तर तोच १७.६ लाखांवर जातो. म्हणून आधी आठवडाभर तपासणीच्या टेबलाजवळ उभं राहून काम मोजा. प्राप्तिकर, घसाऱ्यामुळे वाचणारा कर आणि पाच वर्षांनंतरची मशीनची विक्रीकिंमत मी धरलेली नाही. एवढ्या बारीक फरकात ते निकाल फिरवू शकतात, तेव्हा निर्णयापूर्वी घालाच.

कुठला खर्च खरोखर हलतो याबद्दल शंका असेल तर टॅलीत मागचं मशीन आलं त्या वर्षाच्या आधीचं आणि नंतरचं लेजर शेजारी ठेवा. अकाउंट्सचा पगार जागचा हलला नसेल तर तो बाहेर. वीज, दुरुस्ती, वाहतुकीत पायरी दिसली तर ती आत.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. प्रत्येक मशीन एकेकटं तपासलं तर प्रत्येक जण म्हणतो 'माझ्यामुळे ऑफिस वाढत नाही', आणि तिसऱ्या मशीननंतर अचानक दुसरा अकाउंटंट आणि नवा सुपरवायझर लागतो. पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी मशीन घ्यायचं पक्कं असेल तर सगळ्यांचा हिशोब एकत्र मांडा आणि त्या पगारांना त्यात जागा द्या.

आणि हे १९ लाखांचं गणित कोटेशनला वापरू नका. ग्राहकाला वर्षानुवर्षं द्यायचा दर ठरवताना ऑफिसचा खर्च सगळ्या कामांतून मिळून वसूल व्हावा लागतो. तिथे अकाउंटंटचे २०% ठेवा.