आजोबांना बरं वाटतंय, म्हणून गोळ्या बंद

*ताई, माझे आजोबा 73 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी धाप लागून ॲडमिट होते. हृदय मोठं झालंय, पंपिंग 30 टक्के आहे, पण ब्लॉकेज नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गोळ्यांनी पंपिंग 50 वर आलं. आता रोज देवळापर्यंत चालत जातात. काल त्यांच्या गादीखाली गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. अकरा दिवस घेतलेल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मला काही होत नाहीये, मग कशाला खायच्या?" बाबांना सांगितलं तर घरात मोठं भांडण होईल. मी गोळ्या कुटून त्यांच्या चहात घालू का?*
*— एक नात, सांगली*

बाळा, चहात काहीही घालू नकोस. हृदयाच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा मेटोप्रोलॉलसारखी एक गोळी असते आणि ती दिवसभर हळूहळू विरघळेल अशी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. नाडी एकाएकी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि म्हातारं माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतं. शिवाय एकदा त्यांना कळलं, आणि चव बदलली की कळतंच, की मग ते तुझ्या हातचं पाणीसुद्धा संशयाने पितील.

दुसरी गोष्ट म्हणजे पाकिटं समोर ठेवून "चला, आजपासून परत सुरू" असंही करू नकोस. अकरा दिवसांचा खंड पडलाय. नाडी संथ ठेवणारी गोळी इतके दिवस बंद राहिली की पुष्कळदा ती कमी डोसपासून पुन्हा चढवत न्यावी लागते. ते डॉक्टरच ठरवतील. म्हणून आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन कर. कोणत्या गोळ्या, किती दिवस बंद, आजचं वजन, रक्तदाब, नाडी आणि रात्री किती उशा लागतात, एवढं कागदावर लिहून समोर ठेव आणि मग बोल.

आता आमच्या अण्णांची गोष्ट सांगते. अण्णा म्हणजे माझे आजोबा. वाईला राहायचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचाही आजार हाच, नळ्या स्वच्छ पण हृदयाचा स्नायू ताणून ढिला पडलेला. पहिल्या वेळी इकोत पंपिंग 28 निघालं होतं. चार गोळ्या सुरू झाल्या आणि दीड वर्षात आकडा 50 वर गेला. नदीच्या घाटाच्या पायऱ्या न थांबता चढायला लागले. डॉक्टरांनी "छान सुधारणा" असं रिपोर्टवर लिहिलं आणि अण्णांनी तो कागद मास्तर गुणपत्रिका दाखवतात तसा गल्लीभर दाखवला.

गोळ्या त्यांनी एकदम सोडल्या नाहीत. साताऱ्याला एका लग्नाला जायचं होतं. सकाळची पाण्याची गोळी, म्हणजे जास्त लघवी करवून अंगातलं पाणी काढणारी गोळी, घेतली की दोन-तीन तास सारखं उठावं लागायचं. मागे एकदा एसटी मध्येच थांबवायला लागली होती आणि त्याची लाज त्यांच्या मनात घर करून बसली होती. हे आम्हाला फार नंतर कळलं. लग्नाच्या दिवशी त्यांनी ती गोळी घेतली नाही. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही घेतली नाही, तरीही काही झालं नाही. मग त्यांनी हिशेब मांडला की एकीवाचून अडत नाही तर चारींवाचूनही अडणार नाही.

फसवणूक नेमकी इथेच होते. पहिले आठ-दहा दिवस अण्णांना उलट बरंच वाटलं. उठताना यायची ती जराशी गरगर गेली, अंगातला जडपणा गेला. गोळ्यांनीच आजारी पाडलं होतं, अशी त्यांची खात्री झाली. आत काय चाललं होतं ते सांगते. हृदय कमी रक्त ढकलतं तेव्हा शरीराला वाटतं की कुठेतरी रक्त वाहून गेलंय. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि हृदय आणखी जोरात पळावं म्हणून चाबूक मारणारी रसायनं रक्तात सुटतात. थकलेल्या बैलाला चाबूक मारल्यासारखंच ते. गोळ्या हा चाबूक धरून ठेवत होत्या. त्यामुळे हृदयाला विसावा मिळाला आणि आकडा 28 वरून 50 वर आला. धरणारा हात सुटला, पण शरीराची सवय सुटली नव्हती. पाणी साचायला लागलं, अगदी सावकाश.

तिसऱ्या आठवड्यात आजीच्या लक्षात आलं की मोज्याची वळी संध्याकाळी घोट्यावर तशीच उमटून राहते. अण्णा म्हणाले, उन्हाळा आहे. मग रात्रीचा कोरडा खोकला सुरू झाला. आईने आलं-मध दिलं, औषधवाल्याकडून खोकल्याची बाटली आणली. खोकला आडवं झालं की यायचा आणि उठून बसलं की थांबायचा, पण हे कुणी जोडून पाहिलं नाही. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. वजन साडेचार किलोंनी वाढलं होतं आणि शेजारी "तब्येत भरली हो मास्तर" म्हणत होते.

एका रात्री तीनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले तर ओसरीवरचा झोपाळा हलत होता. अण्णा दोन्ही हातांनी कड्या घट्ट धरून, पुढे वाकून बसले होते. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. प्रत्येक श्वासाला छातीतून भात शिजताना येतो तसा बुडबुड्यांचा आवाज. मला म्हणाले, "खिडकी उघड." आम्ही ओसरीवर होतो. तिथे खिडकी नव्हती.

दवाखान्यात पाच दिवस ऑक्सिजन आणि शिरेतून पाणी काढायचं इंजेक्शन चाललं. नळीला लावलेल्या पिशवीत लघवी भरत गेली आणि त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं. म्हणजे एवढं पाणी त्या माणसाच्या पायांत आणि फुप्फुसांत साठलं होतं. इकोत पंपिंग 32 निघालं. गोळ्या परत सुरू झाल्या, यावेळी अगदी थोड्या डोसपासून, महिन्या-दीड महिन्याने वाढवत. वर्षाने आकडा 40 वर आला आणि तिथेच थांबला. पन्नास परत कधी दिसले नाहीत. अण्णा त्यानंतर पाच वर्षं जगले, पण घाट त्यांनी वरूनच पाहिला.

तुझे आजोबा म्हणतील की हे एका माणसाचं झालं. त्यांना लंडनच्या एका अभ्यासाबद्दल सांग. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात अशाच आजाराचे, पण पंपिंग सुधारलेले आणि काहीही त्रास नसलेले 51 रुग्ण होते. त्यांतल्या 25 जणांच्या गोळ्या डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत थांबवल्या. सहा महिन्यांच्या आत 11 जणांचा आजार परतला. ज्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या होत्या, त्यांच्यात तेवढ्या काळात एकाचाही परतला नाही. एवढ्या काळजीने थांबवूनही हे झालं, आणि तुझ्या आजोबांनी तर एका दिवसात थांबवल्यात. त्यांचे 50 हे गोळ्यांसकटचे 50 आहेत, हे त्यांना साध्या शब्दांत सांग.

पण हे सांगण्याआधी एक प्रश्न विचार, आणि बाबा खोलीत नसताना विचार: "आजोबा, चारांतली कोणती गोळी सगळ्यात नकोशी वाटते?" गोळ्या घ्या, असा धोशा आम्ही अण्णांच्या मागे वर्षभर लावला होता. हा प्रश्न एकदाही विचारला नाही. म्हातारी माणसं "मला काही होत नाही" म्हणतात तेव्हा त्यामागे पुष्कळदा दुसरंच काही असतं. कधी वारंवार लघवी, कधी उठताना येणारी चक्कर, कधी मुलाच्या खिशाला पडणारा भार. पुरुष माणसं नातीलाही चटकन सांगणार नाहीत असंही काही असू शकतं. तशी शंका आली तर त्यांना डॉक्टरांशी एकट्याने दोन मिनिटं बोलू दे. या प्रत्येकाला काही ना काही उपाय असतो. अण्णांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की प्रवासाच्या दिवशी पाण्याची गोळी सकाळी न घेता पोहोचल्यावर दुपारी घेतली तरी चालेल. एवढ्यावर काम झालं असतं. पैशांचा प्रश्न असेल तर यांतल्या बऱ्याच गोळ्या जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात. चिठ्ठी नेऊन विचार.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत तू एवढं बघ. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत त्यांचं वजन कर आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्नाचं नाही, पाण्याचं असतं. संध्याकाळी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धर. काढल्यावर खळगा तसाच राहिला तर सूज आहे. उशा मोज. यांतलं काहीही दिसलं तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी धाप लागली, गुलाबी फेस आला, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं झालं तर फोनाफोनी करत बसू नका, थेट 108 ला लावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांना पाय खाली सोडून बसवून ठेवा, आडवं करू नका.

गुडघेदुखीसाठी ते दुकानातून परस्पर कुठली गोळी आणतात का, तेही बघ. नेहमीच्या कितीतरी वेदनाशामक गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात.

आता बाबांचं. लपवून ठेवू नकोस, कारण रात्री तीन वाजता गाडी काढायची वेळ आली तर त्यांनाच काढावी लागेल. फक्त क्रम बदल. आधी डॉक्टरांना फोन, मग आजोबांशी तो प्रश्न, आणि मग आजोबांना म्हण, "बाबांना तुम्ही सांगता की मी सांगू?" बहुतेक ते स्वतःच सांगतील. नाही सांगितलं, तर उद्या सकाळच्या चहाला तू सांग, आजोबांच्या समोर, आणि डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवलेली असू दे.

— तुझी ताई