बुंडेस्टाग, बुंडेसराट आणि बाकीचे सगळे ‘बुंडेस’: पाठांतराच्या आधी बाण काढा

प्रश्न: मी सध्या दादरला माहेरी आले आहे, दोन महिन्यांनी श्टुटगार्टला परत जाऊन नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे. 310 प्रश्न रोज घोकते, पण बुंडेस्टाग, बुंडेसराट, बुंडेस-अमुक, बुंडेस-तमुक सगळं डोक्यात एक होतं. काल बरोबर आलेलं उत्तर आज चुकतं. कसं लक्षात ठेवायचं?

उत्तर:

आठवडाभर प्रश्नसंच मिटून ठेवा आणि एक मोठा कोरा कागद घ्या. मी हीच परीक्षा फ्रँकफुर्टला दिली, पण तिचा अभ्यास खऱ्या अर्थाने झाला तो मुलुंडला, सुट्टीत आईकडे आले होते तेव्हा. तुमच्यासारखीच मीही अडकले होते. बाबा मंत्रालयात वित्त विभागात होते, आता निवृत्त आहेत. माझं घोकणं दोन दिवस ऐकल्यावर त्यांनी गेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान फाडलं आणि लाल पेन्सिल घेऊन समोर बसले. म्हणाले, “या एकेका मंडळात माणसं कोण पाठवतं तेवढंच सांग. काम काय करतात ते नंतर बघू.” मला सांगता आलं नाही. गोंधळ नावांचा नव्हताच, हे तेव्हा कळलं.

त्या पानावर आम्ही जे काढलं तेच इथे सांगते.

सगळ्यात खाली ‘मतदार’ लिहा. त्यांच्यापासून एक बाण बुंडेस्टागकडे, म्हणजे त्यांच्या लोकसभेकडे. मुदत चार वर्षं. दुसरा बाण लांडटागकडे, म्हणजे राज्याच्या विधानसभेकडे. अशी 16 राज्यं आहेत. देशाच्या कारभारापुरते मतदारांच्या हातून निघणारे बाण एवढेच. युरोपीय संसद आणि नगरपालिका बाजूला ठेवा.

आता बुंडेस्टागपासून एक बाण वर, चान्सलरकडे. इथे आपली सवय आडवी येते. आपल्याकडे राष्ट्रपती आधी पंतप्रधान नेमतात आणि बहुमत सभागृहात नंतर सिद्ध होतं. जर्मनीत सभागृह आधी मतदान करून चान्सलर निवडतं, मग राष्ट्राध्यक्ष नेमणुकीचं पत्र देतात. 6 मे 2025 ला फ्रीडरिश मेर्त्स यांना 630 पैकी 316 मतं हवी होती. पहिल्या फेरीत 310 च पडली, म्हणून नेमणूक झालीच नाही. त्याच दुपारी दुसरी फेरी झाली, 325 मतं मिळाली, आणि मग ते राष्ट्राध्यक्षांकडे गेले. हा एक दिवस लक्षात ठेवलात तर ‘चान्सलरला कोण निवडतं’ आणि ‘कोण नेमतं’ हे दोन प्रश्न परत एकमेकांत मिसळणार नाहीत.

लांडटागपासूनही असाच बाण वर जातो, राज्याच्या मुख्यमंत्र्याकडे, म्हणजे मिनिस्टरप्रेझिडेंटकडे. त्याच्याभोवती राज्याचं मंत्रिमंडळ.

आणि आता बुंडेसराट. आपल्यापैकी बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण आपण त्याला मनातल्या मनात ‘राज्यसभा’ म्हणतो आणि पुढे जातो. राज्यसभेत आमदार मतं देऊन सदस्य पाठवतात, ते सहा वर्षं बसतात आणि आपापल्या पक्षाप्रमाणे मत देतात. बुंडेसराटमध्ये मतदान करून कोणी पाठवलेलंच नसतं. तिथे राज्यांची सरकारं बसतात: मुख्यमंत्री आणि मंत्री स्वतः. म्हणून कागदावरचा बाण लांडटागपासून निघत नाही, राज्याच्या मंत्रिमंडळापासून निघतो. राज्यातलं सरकार बदललं की तिथली माणसंही बदलतात. म्हणून संपूर्ण बुंडेसराटची निवडणूक अशी कधी होतच नाही.

हे ऐकून बाबा पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, “अगं, मग ही राज्यसभा नव्हे. ही आपली जीएसटी कौन्सिल झाली. तिथे राज्याचा अर्थमंत्री जातो आणि राज्याच्या सरकारचं म्हणणं मांडतो.” अधिकार दोन्हींचे वेगळे आहेत, पण तिथे कोण बसतं हे समजायला याहून जवळचं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. फरक मतांचा. कौन्सिलमध्ये राज्य लहान असो की मोठं, मत एकच. बुंडेसराटमध्ये लोकसंख्येप्रमाणे तीन ते सहा मतं असतात, एकूण 69. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गला सहा, आमच्या हेसेनला पाच. पण एका राज्याची सगळी मतं एकाच बाजूला पडली पाहिजेत. फाटाफूट चालत नाही.

ही शेवटची अट मला आधी किरकोळ वाटली होती. मग मी 22 मार्च 2002 चा प्रसंग वाचला, तो तुम्हीही समजून घ्या, कारण त्या एका दिवसात ही सगळी यंत्रणा हलताना दिसते. बुंडेस्टागने स्थलांतराचा नवा कायदा मंजूर केला होता आणि तो बुंडेसराटपुढे आला. 69 पैकी 35 मतं हवी होती आणि ब्रँडेनबुर्गची चार धरली तरच ती भरत होती. ब्रँडेनबुर्गमध्ये दोन मोठ्या पक्षांचं संयुक्त सरकार होतं, आणि या कायद्यावर दोघांची मतं उलट होती. राज्याचं नाव पुकारलं गेलं. एक मंत्री ‘हो’ म्हणाला. दुसरा, गृहमंत्री श्योनबोम, ‘नाही’ म्हणाला. अध्यक्षस्थानी बर्लिनचे वोवेराइट होते. त्यांनी मुख्यमंत्री श्टोल्पे यांना पुन्हा विचारलं, ते ‘हो’ म्हणाले, आणि अध्यक्षांनी चारही मतं ‘हो’ धरली. सभागृहात एकच गदारोळ झाला. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष राऊ यांनी कायद्यावर सही केली. मग विरोधी पक्षांची राज्यं कार्ल्सरूहच्या संविधान न्यायालयात गेली. डिसेंबर 2002 मध्ये न्यायालयाने निकाल दिला: राज्याने एकसंध मत दिलंच नाही, त्यामुळे ते मत धरता येत नाही, आणि म्हणून कायदा रद्द. मुख्यमंत्र्याचा शब्दही इतर प्रतिनिधींच्या वर जात नाही.

पुढे तडजोड होऊन नवा कायदा झाला, तो 1 जानेवारी 2005 पासून लागू आहे. परदेशातून आलेल्यांसाठीचा एकात्मता अभ्यासक्रम त्याच कायद्याने सुरू झाला. त्याच्या शेवटी द्यावी लागणारी परीक्षाही याच 310 प्रश्नांतून निघते. तुमच्या हातातल्या अभ्यासाची मुळं त्या दिवशीच्या चार मतांपर्यंत जातात. हे कळल्यावर बुंडेसराट म्हणजे काय हे मला कधी पाठ करावं लागलं नाही.

त्या प्रसंगातून न्यायालयाचे बाणही मिळाले. बुंडेसफरफासुंग्सगेरिष्ट हे नाव जिभेवर बसायला वेळ लागतो, पण न्यायाधीश 16, त्यातले अर्धे बुंडेस्टाग निवडतं आणि अर्धे बुंडेसराट. मुदत बारा वर्षं, पुन्हा निवड नाही.

उरलं बुंडेसफरझाम्लुंग. याचं काम एकच: राष्ट्राध्यक्ष निवडणं. ते झालं की ते विसर्जित होतं. त्यात बुंडेस्टागचे सगळे सदस्य आणि तेवढीच माणसं लांडटागांनी निवडून पाठवलेली. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी साम्य आहे, पण इथे लांडटाग आमदारच पाठवेल असं नाही. खेळाडू, कलाकार, सामान्य नागरिकही पाठवतात. म्हणजे लांडटागपासून बाण इकडे येतो, बुंडेसराटकडे नाही. हा फरक कागदावर दिसला की दोन्ही नावं आपोआप वेगळी होतात.

आता प्रश्नसंच उघडा. ‘यांपैकी कोणाला नागरिक थेट निवडू शकत नाही?’ पर्यायांत बुंडेस्टागचे सदस्य, लांडटागचे सदस्य, युरोपीय संसदेचे सदस्य आणि राष्ट्राध्यक्ष. कागद बघा: राष्ट्राध्यक्षाकडे मतदाराचा थेट बाण नाही. तुमच्या राज्याच्या दहा प्रश्नांत एक असा येतो की बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये कोणता मंत्री नसतो. उत्तर परराष्ट्रमंत्री. ते पाठ करण्याची गरज नाही. महाराष्ट्रात संरक्षणमंत्री का नाही, त्याच कारणाने.

निवडणुकीतली पाच टक्क्यांची अट मात्र वेगळी समजून घ्या, कारण आपल्याकडे तसं काही नाही. मतदाराला दोन मतं असतात, पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. सभागृहात कोणाचं बळ किती हे दुसऱ्या मतावर ठरतं, आणि पक्षाला त्या मतांत पाच टक्के मिळवावे लागतात. फेब्रुवारी 2025 मध्ये साहरा वागनक्नेश्ट यांच्या पक्षाला 4.98 टक्के मिळाले आणि बुंडेस्टागमध्ये एकही जागा मिळाली नाही. मुंबईत आपण ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला या हिशोबाने बघतो, म्हणून परीक्षेत ‘पहिलं मत महत्त्वाचं’ असं वाटून चूक होते.

समजून घेण्याची ही पद्धत सगळीकडे चालत नाही हेही सांगते. 23 मे 1949 ला राज्यघटना, 13 ऑगस्ट 1961 ला भिंत, 9 नोव्हेंबर 1989 ला ती उघडली, 3 ऑक्टोबर 1990 ला एकीकरण, शिवाय राज्याचं चिन्ह आणि झेंड्याचे रंग: हे घोकावंच लागतं. त्यासाठी शेवटचे दोन आठवडे ठेवा, आधी नाही. प्रत्यक्ष परीक्षेत 33 प्रश्न असतात, त्यांतले तीन राज्याचे. वेळ एक तास. नागरिकत्वासाठी 17 बरोबर यावे लागतात. वेळ पुरतो. माझ्या सरावात चुका व्हायच्या त्या घाईने, ‘निष्ट’ किंवा ‘काइन’ हा नकाराचा शब्द नजरेतून सुटला की. प्रश्नात तो दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, मगच पर्याय वाचा.

आठवडा झाला की दुसरा कोरा कागद घ्या आणि न बघता सगळे बाण काढा. बुंडेसराटकडे जाणारा बाण लांडटागपासून निघाला, तर प्रश्नसंच अजून दोन दिवस मिटलेलाच राहू द्या आणि ब्रँडेनबुर्गची गोष्ट घरात कोणाला तरी मराठीत सांगून बघा. मी आईला सांगितली होती, ती भाजी निवडत असताना. तिने मध्येच विचारलं, “मग त्या गृहमंत्र्याला मुख्यमंत्र्याने काढलं का नाही?” काढलं असतं तर सरकारच पडलं असतं, हे तिला समजावताना संयुक्त सरकार म्हणजे काय तेही माझं पक्कं झालं.