ब्रॅकेट बंद करून मशीन हाऊसिंगला द्यावे का?

प्रश्न: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझे मशीनशॉप आहे. व्हीएमसी एकच, दोन शिफ्ट, महिन्याला खरे ३२० तास चालते. पंप हाऊसिंगला नगामागे ४०० रुपये सुटतात, गिअर कव्हरला २६० आणि ब्रॅकेटला ११०. लोडिंग धरून हाऊसिंगला ४० मिनिटे लागतात, कव्हरला २० आणि ब्रॅकेटला ६. महिन्याची मागणी हाऊसिंग ३००, कव्हर ३३०, ब्रॅकेट ९०० अशी आहे. मी हाऊसिंग आणि कव्हर पूर्ण देतो, उरलेल्या वेळात जेमतेम १०० ब्रॅकेट होतात. हाऊसिंगवाली पार्टी ४५० नगही घ्यायला तयार आहे. ब्रॅकेट बंदच करून टाकू का? की कर्ज काढून दुसरे मशीन घेऊ?

उत्तर: ब्रॅकेट बंद करू नका. उलट ते पहिल्या क्रमांकावर आणा आणि कपात हाऊसिंगमध्ये करा. दुसऱ्या मशीनचा निर्णय त्यानंतरचा आहे.

तुम्ही जे "सुटतात" म्हणता, ते काँट्रिब्युशन आहे असे धरतो. म्हणजे विक्रीच्या दरातून फक्त त्या नगामुळे झालेला खर्च वजा केला आहे: कास्टिंग, इन्सर्ट आणि कूलंट, मशीनची वीज, पॅकिंग-वाहतूक. ऑपरेटरचा पगार, शेडचे भाडे आणि चालू हप्ता यात धरू नका. मशीनवर कोणताही भाग चढवला तरी महिनाअखेरीला ते तेवढेच जातात. तुमच्या अकाउंटंटने हे खर्च नगांवर वाटून ११० आणि ४०० काढले असतील, तर आधी ते बाहेर काढून आकडे पुन्हा मांडा. नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकेल.

तुमच्याकडे नगांची टंचाई नाही. गिऱ्हाईक आहे, कास्टिंग मिळते आहे. कमी पडतो तो मशीनचा तास. मागणी पूर्ण करायची तर हाऊसिंगला २०० तास, कव्हरला ११० आणि ब्रॅकेटला ९०, असे ४०० तास लागतात. हातात आहेत ३२०. म्हणून प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: माझा एक तास घेऊन तू किती देतोस?

| भाग | तासाला नग | तासाला काँट्रिब्युशन |
|---|---|---|
| ब्रॅकेट | १० | ₹ १,१०० |
| गिअर कव्हर | ३ | ₹ ७८० |
| पंप हाऊसिंग | दीड | ₹ ६०० |

क्रम पूर्ण उलटा झाला. हाऊसिंग नगामागे सर्वांत जास्त देते, पण त्यासाठी ४० मिनिटे मशीन अडवते. तेवढ्या वेळात साडेसहाहून थोडे जास्त ब्रॅकेट निघतात आणि ७३३ रुपये देतात.

आता वरून खाली तास वाटा. ब्रॅकेट ९००, त्याला ९० तास. कव्हर ३३०, त्याला ११० तास. उरले १२० तास, त्यात हाऊसिंग १८० होतात. काँट्रिब्युशन ९९,००० अधिक ८५,८०० अधिक ७२,०००, म्हणजे २,५६,८०० रुपये. आत्ताच्या वाटणीत ते २,१६,८०० आहे. तेच मशीन, तीच माणसे, तेवढेच तास, आणि महिन्याला ४०,००० रुपयांचा फरक. तुमच्या मनात आहे तसे ब्रॅकेट पूर्ण बंद केले, तर हातातले ५,००० आणखी कमी होतील.

हा क्रम कागदावर बरोबर असूनही शॉपमध्ये फसू शकतो, आणि त्याचे नेहमीचे कारण सेटिंग असते. तुमचे ३२० तास सेटिंगचा वेळ वजा करून उरलेले आहेत आणि दर आठवड्याला तिन्ही भागांची एकेक फेरी होते, असे मी धरले आहे. फिक्स्चर उतरवणे, दुसरे बसवणे, डायल लावून सरळ करणे, ऑफसेट घेणे आणि पहिला नग तपासून पास होणे याला अडीच तास धरू. आठवड्याला २२५ ब्रॅकेटचा लॉट घेतला तर २२.५ तास काम आणि २.५ तास सेटिंग, म्हणजे सेटिंगसकट तासाला ९९० रुपये पडतात. पण ब्रॅकेटवाल्याने "रोज २५ पाठवा" म्हटले आणि तुम्ही रोज २५ बनवायला बसलात, तर अडीच तास काम आणि अडीच तास सेटिंग होते. तासाला उरतात ५५०. आठवड्याला ४५ हाऊसिंगचा लॉट सेटिंगसकट तासाला ५५४ देतो. म्हणजे ब्रॅकेट सरळ तळाला गेले.

म्हणून बनवणे आठवड्याच्या लॉटने ठेवा आणि पाठवणे पार्टी म्हणेल तसे. २२५ नग तयार पडून राहिले तरी त्यात नगाला शंभर रुपयेच खर्च धरला, तर २२,५०० रुपये अडकतात. सेटिंगमध्ये जाणाऱ्या तासांपुढे ती रक्कम किरकोळ आहे.

मिनिटे कशी मोजलीत तेही पाहा. स्क्रीनवर दिसणारा सायकल टाइम घेतला असेल तर ब्रॅकेटचा आकडा फुगतो, कारण क्लॅम्प सोडणे, एअरने बर उडवणे, नवा नग बसवणे हा मिनिट-सव्वा मिनिट स्क्रीन मोजत नाही. चाळीस मिनिटांत तो दिसतही नाही, सहा मिनिटांत मात्र पाचवा हिस्सा होतो. एका नगाचा क्लॅम्प सुटल्यापासून पुढच्या नगाचा क्लॅम्प सुटेपर्यंत घड्याळ लावा. सलग वीस नगांचा एकूण वेळ घ्या आणि वीसने भागा.

रिजेक्शनही तासातच मोजा. हाऊसिंगच्या बोअरमध्ये ब्लो होल शेवटच्या कटला उघडा पडला, तर फाउंड्री कास्टिंगचे पैसे परत देईल, पण गेलेली ४० मिनिटे देणार नाही. शंभरातले पाच असे गेले तर ६०० चे ५७० होतात. बोअरचा रफ कट सर्वांत आधी घेतला, तर खराब कास्टिंग पहिल्या काही मिनिटांतच कळते.

आता हाऊसिंगवाली पार्टी. ३०० वरून एकदम १८० वर आलात तर ती दुसरीकडे जाईल, ही भीती रास्त आहे. समजा २४० नग द्यायलाच हवेत असे ठरले. मग १६० तास आधी बाजूला काढा आणि उरलेल्या १६० तासांत पुन्हा वरूनच सुरुवात करा: ब्रॅकेट ९००, मग ७० तासांत कव्हर २१०. काँट्रिब्युशन २,४९,६०० होते. म्हणजे हे नाते जपायची किंमत महिन्याला ७,२०० रुपये. ती देण्यासारखी आहे की नाही हे तुम्ही ठरवा, पण आकडा समोर ठेवून ठरवा. कात्री कव्हरला लागली, ब्रॅकेटला नाही, हेही लक्षात घ्या.

त्याआधी दोन रस्ते तपासा. पहिला ओव्हरटाइम. कमी पडणारे ८० तास हाऊसिंगचे आहेत, म्हणून जादा मिळवलेल्या प्रत्येक तासाची किंमत तुमच्यासाठी ६०० रुपये आहे. ऑपरेटरचा पगार २२,००० धरला, तर २०८ तासांनी भागून तासाला १०६ पडतात आणि ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने २१२. प्रत्येक तासाला ३८८ उरतात. ओव्हरटाइमच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्ण ८० तास यातून निघतील असे धरू नका.

दुसरा रस्ता म्हणजे जॉबवर्क. हाऊसिंगचा दर १,१७० आणि कास्टिंग ६४० असेल, पॅकिंग-वाहतुकीला ३० आणि जॉबवर्कवाल्याकडे ने-आण करायला १५ जात असतील, तर उरतात ४८५. जॉबवर्कचा दर यापेक्षा जितका खाली, तितके तुमचे. समोरच्याने ३०० सांगितले तर नगाला १८५ आणि १२० नगांवर २२,२०० रुपये मिळतात, तेही स्वतःचा एक मिनिट न घालवता. बाहेर सगळ्या भागांना तासाचा दर सारखाच पडत असेल, तर कोणता भाग बाहेर द्यायचा हे ने-आण आणि दर्जा ठरवतात. हाऊसिंगचा बोअर बाहेर टॉलरन्समध्ये निघतो का, हे दहा नग करून पाहिल्याशिवाय १२० देऊ नका.

एक तपासणी राहिली. ब्रॅकेटचे ड्रिलिंग-टॅपिंग दुसऱ्या मशीनवर होते का? होत असेल, तर १०० नगांचे ९०० झाल्यावर तेच अडेल. नगाला १२ मिनिटे लागत असतील तर ९०० नगांना १८० तास. एका शिफ्टचे जेवण-चहा सोडून तेवढे जेमतेम बसतात. ड्रिल मशीनपुढे ब्रॅकेटचे ढीग साचू लागले आणि व्हीएमसी थांबू लागले, तर टंचाईचा तास बदलला असे समजा. तेव्हा व्हीएमसीच्या तासाचा हा क्रम लागू राहत नाही. दोन्ही मशीन एकाच वेळी अडत असतील तर एका क्रमाने भागत नाही, एक्सेलमधला सॉल्व्हर वापरावा लागतो.

आता कर्ज. २५ लाख, साडेदहा टक्के, पाच वर्षे धरले तर हप्ता सुमारे ५३,७०० येतो. आणखी एक ऑपरेटर २२,०००. महिन्याला ७५,७०० रुपये. आजच्या मागणीत नवे मशीन फक्त राहिलेले ८० तास भरेल आणि ४८,००० देईल. दरमहा २७,७०० खिशातून जातील. खर्च भरून यायला हाऊसिंगचे १२६ तास काम हवे. पार्टीने ४५० नग खरेच उचलले, तर ८० अधिक १०० असे १८० तास होतात, १,०८,००० येतात आणि ३२,३०० उरतात. म्हणजे सगळा निर्णय त्या जादा १५० नगांवर उभा आहे. "घेऊ" या तोंडी शब्दावर पाच वर्षांचा हप्ता घेऊ नका. किमान वर्षाचे लेखी शेड्यूल मागा, आणि नग कमी उचलले तर काय, हेही त्यात लिहून घ्या.

नवे मशीन आले की हा क्रम भिंतीवरून काढा. तेव्हा तास शिल्लक राहतील आणि कमी पडेल ते काम. मग हाऊसिंगचे नगामागचे ४०० पुन्हा तुमच्या कामाचे होतील, आणि तासाला ३०० देणारे कामसुद्धा रिकाम्या मशीनवर घेण्यासारखे असेल. आज मात्र तासाला ६०० न देणारे कोणतेही नवे काम घेऊ नका. पंधरा मिनिटांचा फ्लँज कोणी आणला, तर त्यात नगाला किमान १५० रुपये काँट्रिब्युशन हवे. ते बसत नसेल तर दर वाढवून मागा किंवा नम्रपणे नकार द्या.