विनामोबदला राबलेल्या युनिटचे आभार मानताना

प्रश्न : आमच्या लघुपटाचे चित्रीकरण संपले. सगळे युनिट विनामोबदला राबले. शनिवारी रॅप पार्टी आहे आणि निर्माती म्हणून मला बोलायचे आहे. ‘सगळ्यांचे मनापासून आभार’ याच्या पलीकडे काय बोलू?

उत्तर :

भाषण लिहायला बसण्याआधी रोजच्या कॉल शीट्स, कंटिन्युइटीच्या नोंदी, ध्वनिमुद्रकाचे साउंड रिपोर्ट आणि दिवसाअखेरचे प्रॉडक्शन रिपोर्ट एकत्र काढून वाचा. निर्मात्याचा बराचसा वेळ फोनवर, परवानग्यांमध्ये आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात जातो, त्यामुळे सेटवर प्रत्यक्ष काय घडले ते त्याला तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक असते. जे नजरेसमोर होते तेवढेच आठवणीतून बोलले जाते, आणि मग दिग्दर्शक, छायालेखक व कलाकार यांच्यावरच भाषण संपते. मी निर्मितीची कामे पाहतो आणि अशी भाषणे पुष्कळ ऐकली आहेत. मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे उतरतात ते याच टप्प्यावर.

चित्रीकरणातली काही कामे अशी आहेत की ती चोख झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पैसे घेऊन काम करणाऱ्याला निदान मानधन मिळते; स्वयंसेवकाच्या बाबतीत ते काम कोणी पाहिलेच नाही, तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून भाषणाचा मोठा भाग या कामांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

एक उदाहरण घेऊ. फुटेज सांभाळणारी मुलगी दिवसभर एका कोपऱ्यात लॅपटॉपसमोर बसलेली असते. कॅमेऱ्यातून आलेले कार्ड ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवते, दोन्ही प्रती मूळ कार्डाशी जुळतात का ते तपासते आणि तोवर कार्ड फॉरमॅट करू देत नाही. कमी खर्चाच्या चित्रीकरणात कार्डे मोजकीच असतात, त्यामुळे कॅमेरा विभाग रिकाम्या कार्डासाठी घाई करतो आणि तिला सगळ्यांच्या नाराजीसमोर ‘अजून तपासणी व्हायची आहे’ असे म्हणावे लागते. ‘डेटा टीमचे आभार’ या तीन शब्दांत यातले काहीही येत नाही. त्याऐवजी असे म्हणता येईल : “पावसाच्या दृश्याच्या रात्री आपण सगळे रिकाम्या कार्डासाठी ओरडत होतो. तिने दोन्ही प्रती तपासून होईपर्यंत कार्ड दिले नाही. ते दृश्य पुन्हा चित्रित करण्याइतके पैसे आपल्याकडे नव्हते. आज आपले सगळे फुटेज शाबूत आहे, ते तिच्यामुळे.” कोणी, कधी, काय केले आणि त्यामुळे काय वाचले, एवढे चार वाक्यांत येते. अर्थात, तिथे तिचे नाव घ्या.

अशी सविस्तर उदाहरणे तीन-चारच ठेवा आणि ती वेगवेगळ्या विभागांतली असू द्या. बाकीच्यांची नावे विभागवार, कागदावरून वाचा. पाठ म्हणण्याच्या नादात एखादे नाव सुटते. एकाच दिवसासाठी आलेली माणसे शेवटच्या कॉल शीटवर नसतात, म्हणून यादी सर्व दिवसांच्या शीट्सवरून करा आणि सहायक दिग्दर्शकाकडून तपासून घ्या. उच्चारही आधी विचारून ठेवा. सगळे मिळून पाच मिनिटांच्या आत बसवा आणि जेवणाआधी बोला, कारण जेवण झाले की माणसे पांगू लागतात.

आश्वासनांच्या बाबतीत मात्र फार जपून राहा. भावनेच्या भरात निर्माते ‘पुढच्या चित्रपटात सगळ्यांना पैसे देऊ’ किंवा ‘हा लघुपट मोठ्या महोत्सवात जाणारच’ असे बोलून जातात. हे तुमच्या हातात नाही, आणि विनामोबदला राबलेला माणूस असे वाक्य विसरत नाही. जे हातात आहे तेच सांगा : संकलन कोण करत आहे, पहिली प्रत साधारण कधी तयार होईल, युनिटसाठी खास खेळ ठेवणार का, आणि खिशातून केलेला प्रवासखर्च कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल. शोरीलसाठी दृश्ये कधी मिळतील, हेही स्पष्ट करा. अनेक महोत्सव आधी सार्वजनिकरीत्या प्रदर्शित झालेला लघुपट घेत नाहीत, म्हणून दृश्ये ऑनलाइन टाकण्याआधी थांबण्याची विनंती करावी लागते. ती कारणासह केली तर लोक समजून घेतात.

श्रेयनामावलीची कच्ची यादी छापून दाराजवळ ठेवा, आणि प्रत्येकाने आपले नाव व पद हव्या त्या पद्धतीने दुरुस्त करून जावे, असे भाषणातच सांगा. जे येऊ शकणार नाहीत, त्यांना हीच यादी आणि त्यांच्याबद्दल तुम्ही जे बोललात ते त्याच रात्री लिहून पाठवा.