भाडे कमी करायचा मेसेज, आणि संपलेला करार

प्रश्न: वकीलसाहेब, जळगावात महाबळ भागात 2019 पासून एकाच घरात राहतो. भाडे आता 12,000, डिपॉझिट 30,000. एकदाही भाडे थकवलेले नाही. याच गल्लीत तसेच घर 10,000 ला गेले. मालकांना, म्हणजे आबांना, व्हॉट्सॲपवर लिहितोय की बाजारभाव बघून 10,000 करा, सहा वर्षांचा चांगला भाडेकरू आहे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून तेवढेच टाकेन. शेवटचा 11 महिन्यांचा रजिस्टर करार संपून चौदा महिने झाले. आबा म्हणाले होते, राहा, करारात काय आहे. मेसेज बरोबर आहे ना?

उत्तर: हा मेसेज पाठवू नका. भाव कमी मागणे चूक नाही, पण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न शेवटून तिसऱ्या वाक्यात आहे आणि तुम्ही तो जाता जाता सांगितलात. असे प्रश्न माझ्याकडे बरेच येतात, आणि कराराची तारीख जवळजवळ प्रत्येकात अशीच शेवटी सापडते.

तुमचा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे कागदावर तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक आहात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेला परवाना संपला की घर सोडायचे. सोडले नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. चौदा महिन्यांचे दुपटीने 3,36,000 होतात. तुम्ही 1,68,000 भरलेत, म्हणजे तेवढेच आणखी मागितले जाऊ शकतात. आबांनी दरमहा रक्कम मुकाट घेतली, या मुद्द्यावर तुमच्या बाजूने युक्तिवाद होईल, पण तो टिकेलच असे मी सांगणार नाही. आणि हे सगळे महिना 2,000 वाचवायला निघालेल्या माणसाचे! चौदा महिने नवा करार का केला नाहीत, हे मला खरोखर कळत नाही.

'सहा वर्षे झाली, आता कोण काढणार' हा समजही सोडा. जुन्या मुंबई भाडे कायद्याने 1 फेब्रुवारी 1973 ला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण दिले होते. त्याच्या गोष्टी आजही चहाच्या टपरीवर चालतात, पण तुमच्या कागदाला तो नियम लागत नाही. लेखी परवान्यातला मजकूर कलम 24 खाली निर्णायक पुरावा धरला जातो. आणि बाजारभाव उतरला म्हणून परवाना शुल्क कमी करून घेण्याचा हक्क तुमच्याकडे नाही. ही फक्त विनंती आहे, तेव्हा तिची भाषाही विनंतीची हवी.

दुसरी अडचण तोंडी 'हो'ची. आबा उद्या म्हणाले, 'बरं, दे दहा', तरी तेवढ्याने भागत नाही. रजिस्टर झालेल्या कराराच्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्या, असे सिद्ध करायला पुरावा कायदा आडवा येतो. 2024 पासून लागू असलेल्या नव्या कायद्यातही तो नियम तसाच आहे. उद्या आबांचा मुलगा हिशेब काढेल, आणि दरमहाचे 2,000 थकबाकी म्हणून तुमच्याच नावावर दिसतील. म्हणून पुढच्या महिन्यापासून आपल्या मनाने 10,000 टाकणे सर्वात वाईट. तोवर 12,000 च द्या, बँकेतून, महिन्याच्या नावासकट.

मेसेज साधारण असा लिहा:

'आबा, नमस्कार. आपला करार संपून बराच काळ झाला, नवा करायचा राहून गेला. मी आणखी दोन वर्षे राहू इच्छितो. इतक्या वर्षांत भाडे कधी चुकलेले नाही, आणि आसपासची घरे सध्या 10,000 च्या आसपास जातात. 10,500 वर दोन वर्षांचा करार केला तर बरे होईल. रजिस्ट्रेशनचा खर्च मी करतो. रविवारी येऊन बोलू का?'

10,500 का? तुम्ही 10,000 म्हणालात की त्यांना 'नाही' म्हणणे सोपे. दोन वर्षांची हमी आणि कागदाचा खर्च मिळतोय म्हटल्यावर पाचशे रुपयांवर घासाघीस करायला जागा उरते. मालक वेगळ्या स्वभावाचे असतील तर आकडा बदला. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजाच्या पाव टक्का असते. चोवीस महिन्यांना तुमच्या आकड्यांवर साडेसहाशेच्या घरात. नोंदणी फी आणि एजंटचे पैसे वेगळे. करारात आधीच्या चौदा महिन्यांचे पैसे पूर्ण मिळाले, काहीही बाकी नाही, हे एक वाक्य घालायला लावा. दुपटीची भीती त्या वाक्याने बरीच जाते.

करार रजिस्टर करण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. मेसेजमध्ये ते आबांना ऐकवू नका.

आबा नाहीच म्हणाले आणि घर रिकामे करण्याचा अर्ज केला, तर तो दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे लोळत पडेल या भरवशावर राहू नका. तो भाडे नियंत्रण कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्यापुढे चालतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचाव करायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर अर्जातले म्हणणे तुम्हाला मान्य असल्याचे धरून आदेश होतो. समन्स हातात पडले, की त्याच दिवशी वकील गाठा.